ते वागणं झालंच नसतं, तर?

*काकू, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेतलंय. क्लासिकल आणि ऑपरंट कंडिशनिंगच्या व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. पण दोन ओळींचं उदाहरण देऊन 'प्रकार ओळखा, कारण लिहा' असं आलं की निम्मी चुकतात. सरांनी सांगितलंय, आपोआप होतं ते क्लासिकल आणि आपण करतो ते ऑपरंट. मग रडणं कशात धरायचं? गेल्या टेस्टला होतं: 'एका मुलाला दवाखान्यात दोन-तीनदा इंजेक्शन दिलं. आता पांढरा कोट दिसला की तो रडतो.' मी ऑपरंट लिहिलं, कारण इंजेक्शन म्हणजे शिक्षा. शून्य मिळालं. घंटी-बिंटी तर काही नव्हतीच त्यात! सेमिस्टर तोंडावर आलंय.*
*– अ., रामबाग, इंदूर*

प्रिय अ.,

शिक्षा ही नेहमी कशाची तरी असते. आधी काहीतरी वागणं घडतं, त्या वागण्यामुळे काहीतरी नकोसं वाट्याला येतं आणि मग ते वागणं कमी होतं, तेव्हाच मानसशास्त्र त्याला शिक्षा म्हणतं. त्या मुलाने असं काय केलं होतं, की ज्यामुळे सुई टोचली? काही नाही. त्याला ताप असेल, लस द्यायची असेल, म्हणून टोचली. तो रडला असता, हसला असता किंवा मुकाट बसून राहिला असता, तरी सुई टोचलीच असती. तू इंजेक्शन नकोसं आहे एवढंच पाहिलंस. ते कशाच्या मागोमाग आलं, हे पाहायचं राहून गेलं, आणि गुण तिथेच गेले.

दोन प्रकारांतला फरक सगळा इथेच आहे. पावलोव्हच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमची टकटक व्हायची आणि मग कुत्र्याला खाणं मिळायचं. कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटलं की नाही, याच्याशी खाणं मिळण्याचा काही संबंध नव्हता. टकटक झाली की खाणं येणार, बस. स्किनरच्या पेटीतला उंदीर मात्र दांडी दाबेपर्यंत उपाशी. दांडी दाबली तर दाणा, नाही दाबली तर काही नाही. म्हणून उदाहरण वाचलं की एकच प्रश्न विचारायचा: हे वागणं झालंच नसतं, तरी पुढची गोष्ट घडली असती का? घडली असती, तर क्लासिकल. वागण्यावाचून घडलीच नसती, तर ऑपरंट.

आता यात एक मेख आहे, आणि हा प्रश्न ज्यांना माहीत असतो तीही मुलं तिथे अडकतात. 'हे वागणं' म्हणजे कोणतं? दोन ओळींच्या उदाहरणातसुद्धा तीन-चार क्रियापदं असतात. त्यातलं नव्याने शिकलेलं वागणं शोधायचं. पेपर काढणारा ते बहुतेक वेळा स्वतःच दाखवून देतो. पेपर हिंदीत असेल तर 'अब' किंवा 'तब से' येतं, इंग्रजीत असेल तर 'नाऊ' येतं, आणि त्याच्यापुढे जे असतं ते शिकलेलं वागणं. त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मार. तुझ्या प्रश्नात ते होतं 'रडतो'. मग विचार, कोट पाहून तो रडला नसता तर सुई चुकली असती का? नसती चुकली. झालं, क्लासिकल.

पण 'कारण लिहा' म्हटल्यावर एवढ्यावर भागत नाही. तिथे चारही खाने भरून दाखवायचे. टोचल्याने होणारी वेदना हे यूएस, म्हणजे न शिकवताच परिणाम करणारं उद्दीपक. वेदनेने रडणं हे यूआर. पांढरा कोट हे सीएस. आधी त्याचं मुलाला काहीच नव्हतं, पण वेदनेच्या आधी तो दरवेळी दिसत गेला आणि तिचा इशारा बनला. कोट पाहून रडणं हे सीआर. घंटी नसली म्हणून काही बिघडत नाही. सीएसच्या जागी आवाज, रंग, वास, खोली, माणूस, काहीही चालतं. हे खाने भरणं म्हणजे तुझ्या उत्तराची उलटतपासणीही आहे. यूएस आणि यूआर यांची जोडी जन्मतः हवी, म्हणजे कुणी न शिकवता त्या गोष्टीने तो परिणाम व्हायला हवा. ती जोडी सापडत नसेल आणि तू ओढूनताणून काहीतरी भरत असशील, तर उदाहरण बहुधा क्लासिकल नाही.

आता तुझ्या रडण्याच्या प्रश्नाकडे येते, कारण तो फार चांगला प्रश्न आहे. राजवाड्यासमोर फुगेवाला उभा असतो. तीन वर्षांचा मुलगा फुगा मागतो, आई नाही म्हणते, तो रस्त्यातच फतकल मारून भोकाड पसरतो. चार माणसं बघायला लागतात, आई फुगा घेऊन देते. पुढच्या वेळी फुगेवाला दिसला की भोकाड आधी आणि मागणी नंतर. इथेही रडणंच आहे आणि पाणीही खऱ्या डोळ्यांतून येतंय. पण विचार, तो रडला नसता तर फुगा मिळाला असता का? नसता मिळाला. हे रडणं फुगा आणून देतं, म्हणून वाढलं. ऑपरंट, आणि त्यातही धन प्रबलन, कारण हवीशी गोष्ट मिळाली.

या उदाहरणात आईही शिकतेय, आणि परीक्षकाला हा भाग विचारायला आवडतो. फुगा घेऊन दिला की रडणं थांबतं. नकोसा आवाज गेला, म्हणून आईचं 'घेऊन देणं' पुढच्या वेळी लवकर होतं. हे ऋण प्रबलन. एकाच फुग्याने मुलाला धन प्रबलन मिळालं आणि आईला ऋण. प्रश्न कुणाच्या वागण्याबद्दल आहे हे न पाहता लिहिलं, तर अर्धे गुण गेलेच.

म्हणजे रडणं कोणत्याच एका कप्प्यात कायमचं बसत नाही. सरांचा नियम खोटा नाही. पावलोव्हकडे लाळ होती, स्किनरकडे दांडी दाबणं होतं, त्यावरून तो बनलाय आणि सोप्या उदाहरणांत चालून जातो. पण तो वागण्याच्या दिसण्यावर चालतो आणि दोन प्रकारांतला फरक मांडणीत आहे, म्हणजे काय कशाच्या मागोमाग येतं त्यात आहे. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. कबुतरांवर याचा फार सुंदर पडताळा झालेला आहे.

स्किनरच्या परंपरेत कबुतराने भिंतीवरच्या चकतीवर चोच मारणं म्हणजे ऑपरंटचा अगदी नमुना. चोच मारा, दाणे घ्या. 1968 साली ब्राउन आणि जेनकिन्स यांनी मांडणी बदलली. चकती 8 सेकंद उजळायची आणि मग दाणे यायचे, कबुतराने काहीही केलं किंवा न केलं तरी. चोच मारायची गरजच नव्हती. तरी कबुतरं उजळलेल्या चकतीवर चोच मारायला लागली. कुणी म्हणेल, योगायोगाने एकदा मारली, लगेच दाणे आले, म्हणून सवय लागली असेल, म्हणजे ऑपरंटच. म्हणून पुढच्या वर्षी विल्यम्स आणि विल्यम्स यांनी आणखी पुढची परीक्षा घेतली. त्यांच्या मांडणीत चोच मारली तर दिवा बंद आणि त्या खेपेला दाणे नाहीत. ऑपरंट असतं तर चोच मारणं बंद पडायला हवं होतं, कारण त्याने नुकसानच होत होतं. बऱ्याच कबुतरांनी ते सोडलं नाही. उजेड हा दाण्यांचा इशारा झाला होता आणि दाण्यांकडे जशी चोच जाते तशी ती उजेडाकडे जात होती. बघायला गेलं तर पक्षी 'स्वतःहून' चोच मारतोय, पण मांडणी पावलोव्हची आहे आणि वागणंही त्याप्रमाणेच आहे. 'हे मुद्दाम की आपोआप' या विचारात अडकलीस की हा प्रयोग आठव.

दुसरी चूक बक्षिसाची. खाणं दिसलं की मुलं एक तर पावलोव्ह लिहितात किंवा बक्षीस म्हणून ऑपरंट लिहितात. खाणं दोन्हीकडे असू शकतं. इशाऱ्याचंही तसंच. आपल्या जुन्या मोहल्ल्यांत अजून सकाळी गायीसाठी पहिली पोळी काढून ठेवतात. समज, उदाहरण असं आलं: 'आजी सकाळी फाटकाची कडी वाजवते. कडी वाजली की गाय फाटकाशी येऊन उभी राहते आणि आजी तिला पोळी देते.' कडीचा आवाज, मग खाणं. अगदी पावलोव्हसारखं दिसतं, आणि वर्गातली निम्मी मुलं कडी म्हणजे सीएस लिहून मोकळी होतात.

शिकलेलं वागणं कोणतं? फाटकाशी येणं. गाय आली नसती, कोपऱ्यावरच बसून राहिली असती, तर पोळी मिळाली असती का? आजी काही गल्ली पालथी घालत गायीमागे फिरणार नाही. आलं तरच पोळी, म्हणून ऑपरंट. मग कडीचं काय? ऑपरंटमध्येही इशारा असतो, त्याला डिस्क्रिमिनेटिव्ह स्टिम्युलस म्हणतात. तो एवढंच सांगतो की आत्ता हे वागणं केलंस तर फळ मिळेल. दुपारी फाटकाशी येऊन उभं राहिलं तर काही मिळत नाही, कडी वाजल्यावर आलं तर मिळतं. क्लासिकलमधला इशारा सांगतो 'आता ते येणार', ऑपरंटमधला सांगतो 'आता केलंस तर मिळेल'. म्हणून घंटी, शिट्टी, दिवा असं काही दिसलं तर तेवढ्यावरून प्रकार ठरवू नकोस.

याच उदाहरणात एक शब्द बदलून बघ. 'कडी वाजली की गायीच्या तोंडाला लाळ सुटते' असं असतं तर? लाळ सुटली नाही म्हणून आजी पोळी परत नेत नाही. त्या लाळेपुरतं ते क्लासिकल. तीच गाय, तीच कडी, तीच पोळी, आणि दोन्ही प्रकारचं शिकणं एकाच वेळी चाललेलं. खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा असंच असतं. पेपर काढणारा त्यातला एक धागा उचलून विचारतो.

दोन्ही धागे एकाच प्रश्नात आलेही असतील. तुझ्याच इंजेक्शनच्या प्रश्नात पुढे लिहिलेलं असतं की 'तो आईच्या मागे लपतो, मग आई त्याला घरी घेऊन जाते आणि तेव्हापासून तो दरवेळी लपतो', तर लपणं हे वेगळं वागणं झालं. लपला नसता तर कोट डोळ्यांसमोरच राहिला असता. लपल्याने भीती टळली, म्हणून लपणं वाढलं. हे ऑपरंट, ऋण प्रबलन. आधी भीती क्लासिकलने बसते आणि मग ती टाळणारं वागणं ऑपरंटने पक्कं होतं, ही मांडणी मॉरर यांनी 1947 मध्ये केली आणि तिला द्विघटक सिद्धांत म्हणतात. भीतीच्या उदाहरणात सुटका किंवा टाळाटाळ दिसली तर दोन्ही भाग वेगवेगळे लिही. मात्र नुसतं 'लपतो' एवढंच दिलं असेल आणि त्याने काय झालं हे दिलेलं नसेल, तर आपल्या पदरचं फळ घालू नकोस. प्रश्नात जेवढं आहे तेवढ्यावरच प्रकार ठरतो.

आता सगळ्यात चकवणारं उदाहरण. 'रमेशने सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला. रात्री त्याला उलट्या झाल्या. आता किसाचा वास आला तरी त्याला मळमळतं.' मुलं म्हणतात, खाल्लं म्हणून उलटी झाली, खाल्लं नसतं तर झाली नसती, म्हणजे ऑपरंट, शिक्षा. युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो, कारण त्यांनी प्रश्न योग्यच विचारलाय, पण चुकीच्या वागण्याला विचारलाय. 'आता'च्या पुढे काय आहे? मळमळणं. वास आल्यावर मळमळलं नसतं, तर काही बदललं असतं का? या मळमळण्याने काही मिळतही नाही आणि टळतही नाही. म्हणून क्लासिकल. पोटात जे बिघडलं ते यूएस, त्याने झालेली मळमळ यूआर, किसाचा वास आणि चव सीएस, नुसत्या वासाने होणारी मळमळ सीआर.

इथे आणखी एक खूण मिळते. क्लासिकलमध्ये आधीपासून असलेली प्रतिक्रिया नव्या गोष्टीला जाऊन चिकटते. मळमळ तीच, आधी पोट बिघडल्याने, आता वासाने. ऑपरंटमध्ये वागणं ज्या जागी आहे त्याच जागी राहतं, फक्त जास्त किंवा कमी होतं. मुलगा गृहपाठ करत होता, शाबासकी मिळाली, अजून नेमाने करायला लागला. काही जागा बदलून कुठे चिकटलं नाही. पहिल्या प्रश्नाने निकाल लागला नाही तर या खुणेने बघ.

किसाच्या उदाहरणावर हुशार परीक्षक उपप्रश्न टाकू शकतो: खाणं आणि उलटी यांच्यात तासांचं अंतर आहे, तरी हे क्लासिकल कसं? एरवी सीएस आणि यूएस जवळजवळ हवेत, हे खरं. पण चव आणि आजारपण ही जोडी वेगळी आहे. त्यांच्यात बरंच अंतर पडलं तरी ती जुळते, कधीकधी एकाच अनुभवात. शिवाय ती निवडक आहे. गार्सिया आणि कोलिंग यांनी 1966 मध्ये उंदरांना गोड पाणी पाजताना उजेड आणि आवाजही दिला. नंतर जे आजारी पाडले गेले त्यांनी गोड चव टाळली आणि ज्यांना विजेचा झटका बसला त्यांनी उजेड आणि आवाज असलेलं पाणी टाळलं. म्हणून रमेशला किसाचा वास नकोसा होतो, पण दुकानाची पाटी पाहून काही होत नाही. आणि प्रश्नात 'आता रमेश कीस मागवतच नाही' असं असेल, तर गाडी पुन्हा टाळण्याकडे वळली. तिथे आधी मळमळ क्लासिकलने बसली आणि न मागवण्याने ती टळते, असं दोन टप्प्यांत लिहायचं.

प्रकार बरोबर ओळखूनही ऑपरंटच्या आतला उपप्रकार चुकतो, तो हेल्मेटसारख्या उदाहरणांत. पलासियाच्या चौकात एकाला हेल्मेट नाही म्हणून दंड झाला. 'विना हेल्मेट फिरणं कमी झालं' असं विचारलं असेल तर ती शिक्षा, आणि पैसे काढून घेतले म्हणून ऋण शिक्षा. 'आता तो दंड टाळायला हेल्मेट घालून निघतो' असं विचारलं असेल तर घालणं वाढलंय, नकोसं टळतंय, म्हणून ऋण प्रबलन. वागणं वाढलं की कमी झालं, हे आधी ठरव. वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. मग काही मिळालं की काही गेलं किंवा टळलं, त्यावरून धन की ऋण. 'ऋण' म्हणजे वाईट असं मनात असेल तर ते आधी काढून टाक, ऋण म्हणजे फक्त वजा. आणि चौकातली शिट्टी ऐकून त्याच माणसाच्या छातीत धडधडायला लागलं, तर ती धडधड क्लासिकल, कारण धडधडल्याने दंड माफ होत नाही.

उत्तर लिहिताना मोठं लिहू नकोस. पहिल्या वाक्यात शिकलेलं वागणं आणि प्रकार, दुसऱ्यात कारण, म्हणजे पुढची घटना वागण्यावर अवलंबून होती की नव्हती, आणि मग क्लासिकल असेल तर चार खाने, ऑपरंट असेल तर इशारा, वागणं आणि फळ. पाच-सहा ओळींत होतं.

तुझ्यासाठी दोन उदाहरणं देऊन ठेवते, सोडवून पाठव. एक: 'पोळ्या लाटताना कुकरची शिट्टी झाली की मीना गॅस बारीक करते, नाहीतर डाळ बाहेर येते.' दोन: 'लहानपणी कुत्रा चावल्यापासून सुरेशला नुसतं भुंकणं ऐकलं तरी घाम फुटतो आणि तो दुसऱ्या गल्लीने जातो.' दुसऱ्यात दोन वागणी आहेत, दोन्हींना वेगवेगळा प्रश्न विचार. पहिल्यात शिट्टी पाहून घाई करू नकोस.

– तुझी काकू